अर्ध्या किलोच्या पुड्यात रवा किती?

रव्याच्या पुड्यावर ‘५०० ग्रॅम’ असं छापलेलं असतं, पण यंत्राने भरलेले दोन पुडे काट्यावर ठेवले तर क्वचितच तंतोतंत सारखे भरतात. दाण्यांचा आकार, हवेतला दमटपणा, यंत्राची थरथर अशा अनेक लहान कारणांनी वजन थोडं इकडेतिकडे होतं. अशी पुष्कळ क्षुल्लक, एकमेकांशी संबंध नसलेली कारणं एकत्र आली की वजनांचा आलेख बहुधा घंटेच्या आकाराचा होतो. मधल्या वजनाचे पुडे सर्वांत जास्त, आणि दोन्ही टोकांकडे जावं तसे कमी. यालाच प्रसामान्य वितरण म्हणतात.

बी.कॉम.च्या परीक्षेत यावर हमखास येणारा प्रश्न साधारण असा असतो. पुड्यांचं सरासरी वजन ५०३ ग्रॅम, प्रमाण विचलन ४ ग्रॅम. तर ५०० ते ५१० ग्रॅमच्या दरम्यान किती टक्के पुडे असतील? प्रमाण विचलन म्हणजे वजनं सरासरीभोवती किती पसरली आहेत याचं माप. तक्ता एकच आणि उद्योग हजार, म्हणून आधी ग्रॅम सोडून या मापात बोलायचं. ५०० हे सरासरीपेक्षा ३ ग्रॅमने कमी आहे, म्हणजे ०.७५ प्रमाण विचलन खाली. ५१० हे ७ ग्रॅमने जास्त, म्हणजे १.७५ वर. तक्त्यात सरासरीपासून ०.७५ पर्यंतचं क्षेत्रफळ ०.२७३४ आणि १.७५ पर्यंतचं ०.४५९९ मिळतं. मर्यादा सरासरीच्या दोन बाजूंना आहेत, म्हणून बेरीज केली की ०.७३३३ येतात. शंभरातले सुमारे ७३ पुडे या मर्यादेत बसतात.

इथे एक चूक सर्रास होते. मर्यादा ५०५ आणि ५१० असत्या, तर दोन्ही एकाच बाजूला आल्या असत्या आणि वजाबाकी करावी लागली असती. छोटीशी घंटा काढून हवा तो भाग रेघोट्यांनी भरला, की बेरीज की वजाबाकी हे डोळ्यांनाच दिसतं. शिवाय काही तक्ते सरासरीपासून मोजतात, काही अगदी डाव्या टोकापासून. एक्सेल डावीकडून मोजतो, म्हणून तिथे नेहमी वजाबाकीच:

```
=NORM.DIST(510,503,4,TRUE)-NORM.DIST(500,503,4,TRUE)
```

परीक्षेतला प्रश्न इथे संपतो, पण कारखानदाराचा इथे सुरू होतो. याच हिशेबाने ५०० ग्रॅमहून हलके पुडे जवळजवळ २३ टक्के निघतात. वैध मापन शास्त्राचे नियम एखाद्या पुड्यात थोडी तूट चालवून घेतात, पण सरासरी छापील वजनाखाली गेलेली चालत नाही. मालकाला मात्र ग्राहकाच्या हाती हलका पुडा जाणंच नको आहे. त्याने स्वतःसाठी २ टक्क्यांची हद्द ठरवली असं समजू. मग गणित उलटं चालवायचं. खालचे २ टक्के जिथे तुटतात ती जागा सरासरीच्या २.०५ प्रमाण विचलन खाली असते. ४ ला २.०५ ने गुणलं की ८.२, म्हणजे सरासरी ५०८.२ ग्रॅमवर न्यावी लागेल. प्रत्येक पुड्यात ५.२ ग्रॅम जादा रवा. रोज दहा हजार पुडे भरत असतील तर रोज ५२ किलो रवा फुकट गेला.

असा खर्च करण्याआधी घंटा खरोखर घंटेसारखी आहे का, हे पाहायला हवं. समजा यंत्राला भरायच्या दोन नळ्या आहेत. एकीची सरासरी ४९९.२, दुसरीची ५०६.८, आणि प्रत्येकीचं प्रमाण विचलन अवघं १.२५ ग्रॅम. दोन्हींचे पुडे एकत्र मोजले तर सरासरी ५०३ आणि प्रमाण विचलन ४ हेच आकडे येतात! पण आलेखाला दोन उंचवटे असतात आणि मध्ये दरी. तक्ता सांगेल की ५०२ ते ५०४ ग्रॅममध्ये २० टक्के पुडे आहेत. प्रत्यक्षात तिथे जेमतेम एक टक्का सापडेल. हलके पुडेही २३ नव्हे, तर ३७ टक्के निघतील. सरासरी आणि प्रमाण विचलन या दोन आकड्यांवरून हे कधीच कळलं नसतं. वजनांचे गट पाडून साधा स्तंभालेख काढला तर लगेच दिसतं, आणि कोणता पुडा कोणत्या नळीचा हे लिहून ठेवलं असेल तर कारणही सापडतं.

उपाय मग स्वस्त आहे. दोन्ही नळ्या ५०३ ग्रॅमवर आणल्या की प्रमाण विचलन १.२५ वर येतं. आता ५०० ही मर्यादा सरासरीच्या २.४ प्रमाण विचलन खाली आहे, आणि तिच्याखाली एक टक्क्याहूनही कमी पुडे पडतात. मालकाची २ टक्क्यांची हद्द तर सरासरी ५०२.६ ठेवूनही पाळली जाते, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी रवा घालून. मात्र नळ्या जुळवल्यावर दोन्हींचे पुडे पुन्हा वेगवेगळे तोलून बघायला हवेत, तोपर्यंत १.२५ हा आकडा जुन्या मापावरचाच आहे.