मीटरची नाडी

टीव्ही रिमोटने बंद केला तरी त्याचा बारीक तांबडा दिवा रात्रभर जळतो आणि वाढलेल्या वीजबिलाचा आळ त्याच्यावर येतो. पण नव्या टीव्हीला या ‘स्टँडबाय’ अवस्थेत साधारण अर्धा वॅट लागतो. दिवसाचे एकोणीस तास धरले तरी महिन्याला पाव युनिटच्या थोडे वर. दहा रुपये युनिट धरा, तीन रुपये झाले! त्या तीन रुपयांसाठी आजोबांना सोफ्यामागचे बटण शोधायला वाकवू नये, असे माझे वैद्यकीय मत.

खरा दोषी शेजारीच बसलेला असतो: सेट-टॉप बॉक्स. अनेक बॉक्स रिमोटने ‘बंद’ केल्यावरही जवळपास तेवढीच वीज घेतात. फक्त समोरचा आकडा मावळतो. दहा वॅटचा बॉक्स चोवीस तास चालला तर महिन्याला ७.२ युनिट, म्हणजे ७२ रुपये. टीव्ही रोज पाच तासच पाहत असाल, तर त्यातले ५७ रुपये कोणी काही पाहत नसतानाचे.

हे घरी तपासता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक दिवा लुकलुकतो आणि जवळ ‘3200 imp/kWh’ असे काही छापलेले असते. म्हणजे ३२०० ठोके पडले की एक युनिट. फ्रिजसकट सगळे बंद करून एक ट्यूबलाइट चालू ठेवा आणि दहा मिनिटे ठोके मोजा. मग बॉक्स रिमोटने ‘बंद’ केलेल्या अवस्थेत जोडून पुन्हा दहा मिनिटे मोजा. समजा, आधी ११ आले, नंतर १६. फरक पाचाचा, तासाला तीस. तीस भागिले ३२०० म्हणजे तासाला साधारण नऊ वॅट-तास. ट्यूब अशासाठी, की फारच थोडी वीज एकटी वाहत असेल तर मीटर ती टिपत नाही. अर्ध्या वॅटचा स्टँडबाय मात्र या रीतीनेही हाती लागणार नाही.

संगणकाच्या मॉनिटरची गोष्ट वेगळी. चोवीस इंची मॉनिटर सुमारे वीस वॅट घेतो. पडद्यावर मासे पोहत ठेवणारा ‘स्क्रीनसेव्हर’ वीज वाचवत नाही, कारण मागचा प्रकाश चालूच असतो. कामाव्यतिरिक्तचे सोळा तास तो तसाच राहिला तर महिन्याला ९६ रुपये. ‘स्लीप’मध्ये गेला तर अडीचही नाहीत. दहा मिनिटांनी पडदा झोपेल अशी सेटिंग एकदा करून ठेवली की पुरे.

टीव्हीच्या पॉवर सेव्हिंगने तोच मागचा प्रकाश मंदावतो. ८० वॅटचा टीव्ही ५५ वर आला तर पाच तासांच्या वापरात महिन्याला ३७ रुपये वाचतात. रात्री अंधाऱ्या खोलीत डोळ्यांनाही बरे वाटते. दुपारी उन्हाच्या खोलीत मात्र चित्र फिके दिसते, मग कोणीतरी ही सेटिंग काढते आणि ती तशीच राहते. ‘क्विक स्टार्ट’ चालू असेल तर स्टँडबायचा अर्धा वॅट कितीतरी पटींनी वाढू शकतो, तेही मेनूत पाहून घ्या.