अपलोड केलेले प्रमाणपत्र आणि विद्यापीठातली नोंद

नोकरीच्या अर्जासोबत पाठवलेले पदवी प्रमाणपत्र बहुतेक वेळा मूळ कागदाचे चित्र असते. विद्यापीठ देते तो कागद, आणि त्याला आधार असतो परीक्षा विभागात जपलेल्या नोंदीचा. स्कॅनमध्ये या दोन्ही गोष्टी नसतात. कागदाची जाडी, जलचिन्ह, शिक्क्याचा उठाव, शाईचा पोत हे स्कॅन करताना हरवते. फाइलच्या माहितीत दिसणारी तारीखही स्कॅन केल्याची किंवा फाइल जतन केल्याची असते, पदवीची नव्हे.

स्कॅन बारकाईने पाहण्याचा एक उपयोग मात्र आहे: विसंगती हाती लागते. अंकांतले गुण आणि अक्षरांतले गुण जुळत नाहीत, विषयांची बेरीज एकूण गुणांशी मिळत नाही, नावाची ओळ बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित वर-खाली बसलेली आहे, असे दिसले की शंका घ्यायला जागा असते. पण विसंगती सापडली नाही म्हणून प्रमाणपत्र खरे ठरत नाही. काळजीपूर्वक केलेल्या बनावट कागदात ती नसतेच. उलट मोबाइलच्या स्कॅनर अ‍ॅपमुळे खऱ्या कागदाची अक्षरेही फुटलेली, कडा वाकलेल्या दिसू शकतात.

एक उदाहरण पाहू. समजा, एका उमेदवाराने एप्रिल २००९ मध्ये झालेल्या परीक्षेचे बी.कॉम.चे प्रमाणपत्र अपलोड केले आहे आणि त्यावर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असे छापलेले आहे. पुणे विद्यापीठाला हे नाव २०१४ मध्ये मिळाले. २००९ चा कागद आणि २०१४ चे नाव एकत्र पाहून अर्ज तिथेच फेटाळावासा वाटेल. तो फेटाळणे अन्यायाचे ठरू शकते, कारण मूळ प्रत हरवल्यावर उमेदवाराने नामांतरानंतर दुय्यम प्रत काढली असेल किंवा पदवी उशिरा घेतली असेल. स्कॅन इथे फक्त प्रश्न उभा करतो. त्याचे उत्तर विद्यापीठाकडेच असते.

विद्यापीठाला विचारताना पहिली दक्षता पत्त्याची घ्यावी लागते. प्रमाणपत्रावर छापलेला फोन क्रमांक, संकेतस्थळ किंवा क्यूआर कोड वापरू नये. ज्याने कागद बनवला, त्याला खोटे पडताळणी पानही बनवता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत विद्यापीठाचे नाव आहे का ते पाहावे आणि संपर्काचा पत्ता विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतंत्रपणे शोधावा. मग उमेदवाराची लेखी संमती, प्रमाणपत्राची प्रत आणि ठरलेले शुल्क यांसह पडताळणीचा अर्ज करावा. अर्जात ‘हे खरे आहे का?’ एवढेच न विचारता नाव, कायम नोंदणी क्रमांक, बैठक क्रमांक, परीक्षेचे सत्र आणि मिळालेली श्रेणी आपल्या नोंदीशी जुळतात का, असे विचारावे. वरच्या उदाहरणात आणखी एक प्रश्न जोडावा लागेल: ही प्रत कधी दिली गेली?

उत्तर ‘नोंद सापडत नाही’ असे आले तरी प्रमाणपत्र लगेच खोटे ठरत नाही. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झाले. त्याआधी तिथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २००२ साली सोलापुरात पदवी घेतलेल्याची चौकशी सोलापूर विद्यापीठात केली, तर ती चुकीच्या दारात केलेली चौकशी असते. बैठक क्रमांकातला एक अंक चुकला तरी असेच होते. म्हणून क्रमांक तपासून, योग्य विद्यापीठाला पुन्हा विचारल्यावरच निष्कर्ष काढावा.

अलीकडच्या पदव्यांसाठी डिजिलॉकरचा मार्ग सोपा आहे, पण त्यातला फरक ओळखायला हवा. Issued Documents या विभागातले कागद विद्यापीठाच्या नोंदीतून थेट आलेले असतात. वापरकर्त्याने स्वतः चढवून ठेवलेली फाइल तिथे असली तरी ती त्याचीच स्कॅन प्रत राहते. म्हणून डिजिलॉकरचा स्क्रीनशॉट स्वीकारण्याऐवजी उमेदवाराला समोर अ‍ॅप उघडून Issued Documents मधला कागद दाखवायला सांगावा. डिजिटल स्वाक्षरी असलेल्या पीडीएफचेही तसेच: मूळ फाइल उघडूनच स्वाक्षरी तपासता येते. ती छापून पुन्हा स्कॅन केली की हिरव्या खुणेचे नुसते चित्र उरते.

विद्यापीठाने नोंद जुळल्याचे कळवल्यावरही एक गोष्ट तपासायची राहते. ती पदवी खरी असेल, पण त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची. नोंदीतले नाव, जन्मतारीख आणि आईचे नाव यांपैकी जे उपलब्ध असेल ते उमेदवाराच्या ओळखपत्राशी ताडून पाहावे लागते. लग्नानंतर नाव बदललेल्या उमेदवाराकडून राजपत्रातील नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र मागावे. दोन नावांमधला दुवा त्यातून मिळतो.