वडिलोपार्जित, पण कुटुंबाचे नव्हे

जुन्या सातबाऱ्यांवर अजूनही एखाद्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले सापडते. एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन त्या माणसाच्या नावावर दिसत असली तरी ती त्याची एकट्याची नाही, घरातल्या सगळ्यांच्या वतीने तो ती सांभाळतो आहे, एवढे त्या तीन अक्षरांत सांगून झालेले असते. आयकर कायद्यानेही हे नाते ओळखले आहे. १९२२ च्या कायद्यात हिंदू अविभक्त कुटुंब हा माणसापासून वेगळा करदाता होता, १९६१ च्या कायद्यात तो तसाच राहिला, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले तरी त्याची जागा कायम आहे. महसुलातला मॅनेजर इथे ‘कर्ता’ होतो. कुटुंबाला स्वतःचे पॅन कार्ड मिळते. तुमच्या-आमच्या पॅनमध्ये चौथे अक्षर पी असते, कुटुंबाच्या पॅनमध्ये एच.

हे कार्ड काढायला फारसे काही लागत नाही, आणि घोटाळा नेमका तिथून सुरू होतो. लग्न झाले की कुटुंब तयार झाले, कार्ड आले की करदाता तयार झाला, आता वडिलांकडून आलेल्या फ्लॅटचे भाडे तिकडे वळवायचे, असा समज मी करसल्ल्याच्या कामात वर्षानुवर्षे ऐकतो आहे. कुटुंब असते, कार्डही खरे असते. पण भाडे कोणाचे हे कार्डावर ठरत नाही. ते देणारी मिळकत त्या हातात कोणत्या वाटेने आली, यावर ठरते.

आपल्या भाषेतला ‘वडिलोपार्जित’ हा शब्द इथे फसवतो. वडिलांकडून जे जे आले त्याला आपण वडिलोपार्जित म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ, म्हणजे फरक डोळ्यांसमोर येईल.

आजोबा १९५० साली वारले. त्यांचा वाडा होता आणि त्याच्या दर्शनी बाजूला दुकानांचे गाळे. ती मिळकत वडील आणि त्यांची मुले मिळून एकत्र कुटुंबाची झाली. १९९८ मध्ये वडील, आई आणि दोन मुलगे यांच्यात नोंदणीकृत वाटणीपत्र झाले. धाकट्या मुलाला तीन गाळे आले. २०१८ मध्ये वडील मृत्युपत्र न करता गेले, आणि त्यांनी पगारातून घेतलेला फ्लॅट मागे राहिला. धाकटा मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर आहे, त्याला बायको, मुलगा, मुलगी. त्याने स्वतः २०१२ मध्ये कर्ज काढून आणखी एक फ्लॅट घेतला. तीन मिळकती, तिन्ही भाड्याने दिलेल्या, आणि तिन्हींचे भाडे त्याच्याच हातात येते.

गाळ्यांचे भाडे कुटुंबाचे. वाटणीत मिळालेला हिस्सा मुळात एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून सुटलेला आहे, म्हणून तो घेणाऱ्याच्या हातात त्याच्या बायकामुलांसह कुटुंबाचाच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये नरेंद्रनाथ खटल्यात हे स्पष्ट केले. तिथे वाटणी घेणाऱ्याला मुलगा नव्हता, बायको आणि दोन लहान मुली होत्या, तरीही मिळकत कुटुंबाची मानली गेली.

वडिलांच्या फ्लॅटचे भाडे मात्र कुटुंबाचे नाही. हे सांगितले की समोरच्याला धक्का बसतो. १७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला आणि स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राविना मागे राहिली तर ती पहिल्या वर्गाच्या वारसांना, म्हणजे पत्नी, मुलगे, मुली यांना, प्रत्येकाची स्वतःची म्हणून मिळू लागली. मुलाने ती घेतली की त्याच्या मुलांचा तिच्यात जन्मतः हक्क तयार होत नाही. चंदर सेन खटल्यात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम करआकारणीला लावला. म्हणून या फ्लॅटचे चार समान मालक आहेत: आई, दोन भाऊ आणि लग्न होऊन गेलेली बहीण. महिना १६,००० रुपये भाडे येत असेल तर प्रत्येकाचे ४,०००, आणि ते ज्याच्या त्याच्या विवरणपत्रात दाखवायचे. बहिणीने पैसे घेतले नाहीत म्हणून तिचा हिस्सा भावाच्या कुटुंबाचा होत नाही. अनेक घरांत हे पैसे वर्षानुवर्षे धाकट्याच्या ‘कुटुंबा’च्या पॅनवर दाखवले जातात, आणि पुढे फ्लॅट विकायच्या वेळी सहीसाठी चौघे लागतात तेव्हा चूक बाहेर येते.

उरला त्याने स्वतः घेतलेला फ्लॅट. हाच कुटुंबात टाकावा, असा सल्ला हमखास कोणीतरी देते. हिंदू कायद्यात तशी सोय खरोखर आहे: स्वतःची मिळकत आजपासून एकत्र कुटुंबाची, असे जाहीर करता येते. मुंबईतल्या एका करदात्याने २६ जानेवारी १९५६ ला प्रतिज्ञापत्र करून ‘कथोके लॉज’ ही आपली इमारत अशीच कुटुंबात टाकली होती. घरात पत्नी आणि एक अविवाहित मुलगी. हा छाबडा खटला १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. निकाल न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांचा. नवरा, बायको आणि मुलगी मिळून हिंदू अविभक्त कुटुंब होते, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही भाडे त्या गृहस्थांचेच ठरले. त्या इमारतीला आधीचा कौटुंबिक इतिहास नव्हता. त्या काळच्या कायद्याने पत्नीला आणि मुलीला तिच्यात हिस्सा नव्हता, फक्त पोटगीचा हक्क होता. मग मिळकत प्रतिज्ञापत्रापूर्वी जितकी त्यांची होती तितकीच नंतरही राहिली.

आज मुलगीही मुलासारखीच जन्मतः सहहिस्सेदार आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींना हा हक्क दिला, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या मुलींना. म्हणजे तसे प्रतिज्ञापत्र आज केले तर हिंदू कायद्याचे उत्तर बदलू शकेल. कराचे उत्तर बदलणार नाही, कारण ती वाट संसदेने आधीच बंद केली आहे. ३१ डिसेंबर १९६९ नंतर ज्याने स्वतःची मिळकत पुरेसा मोबदला न घेता कुटुंबात टाकली, त्याच्याच उत्पन्नात तिचे भाडे मिळवले जाते. आणि पुढे त्या मिळकतीची वाटणी होऊन पत्नीला हिस्सा मिळाला, तरी त्या हिश्शाचे भाडे नवऱ्याच्याच माथी राहते. मालकी कुटुंबाची आणि कर त्याचा, असा दोन्हीकडून तोटा. शिवाय तो फ्लॅट विकायचा झाला तर आता घरातल्या सगळ्यांचा त्यावर हक्क.

आता गाळ्यांचा हिशेब. तिन्ही मिळून महिना ४५,००० रुपये, वर्षाला ५,४०,०००. कुटुंबाने भरलेली घरपट्टी २४,००० वजा जाता ५,१६,००० उरतात. त्यातून दुरुस्ती वगैरेसाठी कायद्याने सरसकट दिलेली ३० टक्के वजावट, १,५४,८००. करपात्र उत्पन्न ३,६१,२००. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, आणि ही मर्यादा कुटुंबालाही आहे. म्हणून कर शून्य. हेच ३,६१,२०० रुपये धाकट्याच्या पगारावर चढले असते आणि तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असता, तर उपकरासह १,१२,६९४ रुपये द्यावे लागले असते. कुटुंबाच्या या उत्पन्नातून मुलीच्या शिक्षणाला किंवा बायकोच्या खात्यात पैसे दिले, तर घेणाऱ्याला त्यावर पुन्हा कर नाही.

इथे एक खड्डा आहे. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसले आहे. ती सूट निवासी व्यक्तीला मिळते, कुटुंबाला नाही. गाळ्यांचे भाडे वाढून करपात्र उत्पन्न ६ लाख झाले, तर कुटुंबाला ४ लाखांवरच्या २ लाखांचे ५ टक्के, म्हणजे १०,००० आणि उपकर ४०० असे १०,४०० रुपये भरावे लागतील. तेवढेच उत्पन्न असलेल्या एकट्या माणसाला काहीच भरावे लागत नाही. ज्या घरात कर्त्याचे स्वतःचे उत्पन्न फारसे नाही, तिथे कुटुंबाचे वेगळे खाते म्हणूनच कधी कधी महाग पडते.

हिशेब बरोबर असूनही कागद उलटे बोलू लागले की चौकशी लागते. भाडेकरार धाकट्याने स्वतःच्या नावाने केलेला, भाडे त्याच्या पगाराच्या खात्यात जमा, आणि बँकेकडे त्याचा पी अक्षराचा पॅन. मग त्याच्या वार्षिक माहितीपत्रकात ती रक्कम उमटते आणि कुटुंबाच्या विवरणपत्राशी जुळत नाही. करार ‘अमुक हिंदू अविभक्त कुटुंबातर्फे कर्ता’ असा करावा, भाडे कुटुंबाच्या खात्यात घ्यावे, घरपट्टी त्याच खात्यातून भरावी, आणि १९९८ चे वाटणीपत्र व सिटी सर्व्हेचा उतारा हाताशी ठेवावा. कुटुंबाला पगारदारांचे साधे आयटीआर-१ चालत नाही. व्यवसाय नसेल तर आयटीआर-२.

गोव्यातल्या वाचकांना हे सगळे परके वाटेल. तिथे जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे पती-पत्नी सहमालक असतात, आणि पगार सोडून बाकीचे उत्पन्न आयकरात दोघांमध्ये निम्मे निम्मे धरले जाते.

आपल्या धाकट्याच्या घरी आता मुलीचे लग्न ठरले आहे. एक गाळा तिच्या नावे करावा, बाकीचे दोन कुटुंबात राहू द्यावेत, असे घरात ठरते. मुलीच्या मालकीच्या दृष्टीने तो दस्त खरा असेल. पण ३१ डिसेंबर १९७८ नंतरची अशी अर्धवट वाटणी आयकर खाते जमेस धरत नाही. तिन्ही गाळ्यांचे भाडे, मुलीकडे गेलेल्या गाळ्याचेही, कुटुंबाच्याच उत्पन्नात मोजत राहतात. कुटुंबाची आकारणी एकदा सुरू झाली की ती बंद करण्याचा रस्ता एकच: पूर्ण वाटणी. कुटुंबाचे गाळे, ठेवी, शिल्लक, सगळे प्रत्यक्ष वाटायचे, भाड्याचे पैसे वाटून घेणे पुरत नाही. मग आकारणी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तो सगळ्या सदस्यांना नोटीस देतो, चौकशी करतो आणि वाटणी अमुक तारखेला झाली असा आदेश काढतो. तो आदेश निघेपर्यंत, घरात चार चुली झाल्या तरी, खात्याच्या लेखी ते कुटुंब एकत्रच असते.