वळीव, तापलेली पेटी आणि आतलं पाणी

द्राक्षबागेत ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा-मिटणारा कंट्रोलर बसवला, की त्याची पेटी बहुधा बांधाच्या कडेला लोखंडी खांबावर जाते. पेटीवर ‘आयपी ६५’ छापलेलं असतं, झाकणाला रबरी गास्केट असतं, चारही स्क्रू घट्ट आवळलेले असतात. तरीही जूनमध्ये झाकण उघडावं, तर तळाला पाणी साचलेलं, टर्मिनलवर हिरवट थर आणि रिलेभोवती मुंग्या. शेतकरी म्हणतो पेटी गळते. विकणारा म्हणतो, हे हवेतलं दव, त्याला कोण काय करणार! यातलं खरं कोणाचं, हे थोडं गणित करून ठरवता येतं.

समजा, पेटी ३० सेंटिमीटर उंच, २० रुंद आणि १५ खोल आहे. म्हणजे आत ९ लिटर हवा. ३० अंशांची, बाष्पानं पूर्ण भरलेली हवा एका घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी धरते. तीच हवा निफाडच्या थंडीतल्यासारखी १० अंशांवर आली, तर तिला जेमतेम ९ ग्रॅम धरता येतं. उरलेलं पाणी भिंतींवर जमणार. पण आपली हवा आहे फक्त ९ लिटर, त्यामुळे जमणारं पाणी होतं ०.१९ ग्रॅम, म्हणजे चार थेंब. हे चार थेंबही सर्किट बोर्डावर नेमक्या वाईट जागी बसले तर त्रास देतात, पण त्यांनी तळाला पाणी साचत नाही. कपभर पाणी निघालं असेल, तर ते बाहेरूनच आलेलं आहे.

ते येतं कसं, याचं उत्तर मे महिन्यातल्या दुपारी मिळतं. उन्हात पेटीच्या आतली हवा ६० अंशांपर्यंत तापते, फुगते आणि गास्केटमधून, केबलच्या कडेनं जमेल तशी बाहेर पडते. चारच्या सुमारास वळीव येतो. गार पावसानं पेटी काही मिनिटांत २८ अंशांवर येते आणि आतली हवा आकसते. ३२ अंशांच्या या घसरणीनं हवेचं आकारमान जवळपास दहा टक्क्यांनी घटतं. म्हणजे ९ लिटरच्या पेटीला आठशे मिलीलिटरहून जास्त हवा आत ओढून घ्यायची असते. ती मिळाली नाही, तर आत निर्माण होणारी ओढ पाण्याचा जवळजवळ ९० सेंटिमीटरचा स्तंभ उचलण्याइतकी असते. आणि नेमक्या त्याच वेळी प्रत्येक फटीवर पावसाचं पाणी उभं असतं. पेटी श्वास घेते, पण हवेऐवजी पाणी ओढते.

मग आयपी ६५ला अर्थ काय? अर्थ आहे, पण त्याची हद्द माहीत हवी. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिला ६ म्हणजे धूळ आत येत नाही. दुसरा ५ म्हणजे ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा फवारा सर्व बाजूंनी मारला, तरी आत अपाय होईल इतकं पाणी शिरत नाही. आयपी ६७ची पेटी अर्धा तास मीटरभर पाण्यात बुडवून तपासतात. पण या चाचण्यांमध्ये पाणी आणि पेटी यांच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक नसावा, असं मानक सांगतं. वळवात फरक तीस अंशांचा असतो. त्यामुळे मोठा आकडा असलेली पेटी घेतली म्हणजे प्रश्न मिटला असं होत नाही. शिवाय तो आकडा न भोसकलेल्या पेटीचा असतो. तिला आपण पहिलं भोक पाडलं, की पुढची जबाबदारी आपली.

पेटी श्वास घेणारच, हे एकदा मान्य केलं की काम सोपं होतं. तिनं कमीत कमी श्वास घ्यावा, आणि घेतला तर आपण ठरवलेल्या जागेतूनच घ्यावा, एवढंच पाहायचं.

श्वास कमी करायचा तर पेटी तापू द्यायची नाही. इथे बरेच जण पंखा आणि जाळीकडे वळतात, पण उष्णता येते कुठून ते आधी पाहावं. छोट्या कंट्रोलरची स्वतःची उष्णता पाचेक वॉट. तेवढ्यानं या मापाच्या प्लास्टिकच्या पेटीतलं तापमान बाहेरपेक्षा साधारण सहा अंशांनी वाढतं, आणि ते चालतं. ऊन मात्र समोरून पडलं, तर पेटीच्या दर्शनी बाजूवरच सुमारे ६० वॉट ओततं. रंग फिकट असला आणि निम्मं परतलं, तरी ३० वॉट उरतात. म्हणजे शत्रू आतला नाही, बाहेरचा आहे आणि त्याच्यावर पंख्यापेक्षा सावली स्वस्त. पेटीच्या वर आणि पश्चिमेला दोन इंच अंतर सोडून पत्र्याचा आडोसा करावा. मधल्या फटीतून हवा वाहती राहते आणि तापलेला पत्रा पेटीला चिकटत नाही. तोंड उत्तरेकडे असावं. पंखा लावला तर धूळ, फवारणीचा अंश आणि किडे तोच आत आणतो. मोठा इन्व्हर्टर किंवा व्हीएफडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे उष्णता खरोखर आतली असते आणि फिल्टरसह पंखा लागतोच.

पेटीच्या निवडीतही हाच हिशोब धरावा. फिकट राखाडी पॉलिकार्बोनेट किंवा फायबरची पेटी उन्हात टिकते. साधं एबीएस काही वर्षांत पिवळं पडून ठिसूळ होतं आणि पहिली चीर स्क्रूच्या भोकापाशी जाते. पावडर कोटिंगची लोखंडी पेटी मजबूत खरी, पण पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला गंज धरतो, आणि आत २३० व्होल्ट असतील तर तिला अर्थिंग हवंच. सौर पॅनेलसोबतची लेड-ॲसिड बॅटरी या पेटीत कधीही ठेवू नये. चार्जिंगच्या वेळी ती हायड्रोजन सोडते आणि तिची आम्लवाफ तांबं खाते. तिला वेगळी, हवेशीर पेटी द्यावी.

आता भोकं. केबल ग्लँडमधलं रबर गोल केबलला चारी बाजूंनी सारखं दाबतं, तेव्हाच पाणी अडतं. आपल्याकडे सबमर्सिबलची चपटी केबल सर्रास वापरतात. ती गोल ग्लँडमधून नेली तर दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारखी फट राहते. तिच्यासाठी चपट्या छिद्राचं रबर मिळतं, नाहीतर पेटीखाली जोड देऊन आत गोल केबल न्यावी. एका ग्लँडमधून पाच-सहा सुट्या वायरी कोंबण्याची सवयही अशीच महागात पडते, कारण वायरींच्या मधली पोकळी कोणतंच रबर भरत नाही. चार व्हॉल्व्हसाठी आठ वायरी आणण्यापेक्षा एक वायर सामाईक ठेवून पाच कोरची एकच गोल केबल आणावी. तिची जाडी ९ मिलिमीटर असेल, तर ५ ते १० मिलिमीटर धरणारा पीजी ११ ग्लँड पुरतो. आवळल्यावर रबर केबलभोवती सारखं फुगलेलं दिसलं पाहिजे. नायलॉनचे ग्लँड उन्हानं थोडे सैल पडतात, म्हणून महिन्याभरानं पुन्हा एकदा पाना फिरवावा. न वापरलेल्या भोकाला चिकटपट्टी नको, रबरी वॉशरचा प्लग हवा.

सगळ्या केबल तळातूनच आत जाव्यात आणि ग्लँडच्या खाली केबलला झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं. जमिनीतून आलेला पाइप थेट पेटीला जोडू नये. तो व्हॉल्व्हच्या खड्ड्यातली दमट हवा रात्रभर वर पाठवतो आणि मुंग्यांना सरळ जिना मिळतो. पाइपचं तोंड पेटीच्या वीतभर खाली थांबवावं, ते न वाळणाऱ्या पुट्टीनं बुजवावं आणि तिथून केबल उघडी ग्लँडपर्यंत न्यावी. सिलिकॉन वापरायचंच असेल, तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातून सुटणारं ॲसिटिक आम्ल टर्मिनल हिरवी करतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली नळी घ्यावी.

एवढं केल्यावर श्वासाची जागा ठरवायची. त्यासाठी ग्लँडसारखाच दिसणारा व्हेंट प्लग मिळतो. त्याच्या आत ताणलेल्या पीटीएफईचा पातळ पडदा असतो. त्याची छिद्रं इतकी सूक्ष्म, की हवा आणि बाष्प जातं-येतं, पण पाण्याचा थेंब अडतो. आत-बाहेरचा दाब सारखा राहिला, की गास्केटवर उभं राहिलेलं पाणी ओढलं जात नाही. वर केलेल्या गणितातला आठशे मिलीलिटरचा श्वास या पडद्यातून जातो. द्राक्षबागेत मात्र एक मेख आहे. फवारणीच्या द्रावणात टाकलेलं स्टिकर पाण्याचा ताण कमी करतं, आणि स्टिकर लागलेला पडदा पाणी झिरपू देतो. म्हणून व्हेंट पेटीच्या तळाला, खाली तोंड करून, ब्लोअरच्या मारापासून आडोशाला बसवावा आणि पडदा मळला की बदलावा. व्हेंट मिळालाच नाही, तर तळाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ३-४ मिलिमीटरचं भोक पाडून आतून स्टीलची बारीक जाळी चिकटवावी. पेटीचा आयपी आकडा त्यानं उतरतो, पण आलेलं पाणी निघून जातं.

ही जाळी डासांच्या जाळीची नको. तिच्यातून बारीक मुंगी आरामात जाते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक छिद्रं हवीत. मुंगी रिलेच्या दोन संपर्कांमध्ये चिरडली, की व्हॉल्व्ह हुकूम मिळूनही उघडत नाही. पाल स्टार्टरमध्ये शिरली तर थेट शॉर्ट करते. कुंभारमाशी मात्र आत शिरत नाही. ती बाहेरूनच मोकळ्या भोकात चिखल भरते आणि निचरा बंद करते. म्हणून पावसाळ्याआधी ते भोक तारेनं मोकळं करावं. डांबराच्या गोळ्या ठेवायचा मोह टाळावा. त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिकं मऊ पडतात.

राहिले ते दवाचे चार थेंब. त्यांच्यासाठी बोर्डावर ॲक्रिलिक कोटिंगचा फवारा मारावा. टर्मिनल, रिलेचे संपर्क आणि बटणं मात्र टेपनं झाकून ठेवावीत. बोर्ड झाकणाला किंवा वरच्या भिंतीला नको, मागच्या पाटीवर उभा असावा. हंगाम नसतानाही कंट्रोलर चालू ठेवावा, त्याच्या पाचेक वॉटच्या उबेनं आतलं तापमान दवबिंदूच्या वर राहायला मदत होते. सिलिका जेलची पुडी श्वास घेणाऱ्या पेटीत लवकरच भरून जाते. ती इलाज नव्हे.

पेटी नीट बसली का, हे पाहण्यासाठी वळवाची वाट पाहायला नको. वीज बंद करून बोर्ड काढावा, आत वर्तमानपत्राचा कागद अंथरून प्रत्येक ग्लँडसमोर शाईच्या पेनानं रेघ ओढावी. झाकण लावून पेटी भर दुपारी आडोशाशिवाय दोन तास उन्हात तापू द्यावी, आणि मग तिच्यावर गार पाण्याच्या दोन बादल्या सावकाश ओताव्यात. अर्ध्या तासानं, बाहेरून पुसून उघडावी. झाकणाच्या आतून सारखे बारीक थेंब असतील तर ते दव. एका बाजूनं ओघळ असेल तर गास्केट. आणि रेघ फुटली असेल, तर ज्या ग्लँडसमोर फुटली तोच बदलायचा.