आधी त्यांची अडचण, मग आपली पिशवी

आमच्या लालबागच्या बचत गटात बारा जणी कापडी पिशव्या शिवतात. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा वाटलं, आता दुकानदार शोधत येतील. कुणी आलं नाही. मग दादर-गिरगावातल्या वीस दुकानांना ई-मेल पाठवला. गट कधी सुरू झाला, किती जणींच्या संसाराला हातभार लागतो, सोबत नऊ फोटो आणि शेवटी 'फोन करा, भेट द्या, ऑर्डर द्या'. एकाचंही उत्तर नाही.

लेकीने तो वाचला नि म्हणाली, "आई, यात 'आम्ही' अकरा वेळा आलंय, 'तुम्ही' एकदाही नाही. दुकानदाराने वाचावं कशाला?"

बोलणं लागलं, पण खरं होतं. गणपतीच्या आधी दादरच्या एका मिठाईच्या दुकानासमोर मी अर्धा तास उभी राहिले. कागदी पिशवीचा बंद तुटून दोघांचे डबे खाली आले. बाकीचे धास्तीने दोन-दोन पिशव्या मागत होते. घरी येऊन लिहिलं:

"विषय: शनिवारी तुमच्या दुकानात तुटलेल्या पिशव्या

नमस्कार. शनिवारी संध्याकाळी अर्ध्या तासात तुमच्या दोन गिऱ्हाइकांच्या पिशव्यांचे बंद तुटले. बरेच जण दोन पिशव्या मागत होते, म्हणजे तुमचा खर्चही दुप्पट. आम्ही लालबागला कापडी पिशव्या शिवतो. तीन किलो तांदूळ भरून रात्रभर टांगून पाहिलेली पिशवी दाखवायला मंगळवारी दुपारी ३ वाजता दहा मिनिटं येऊ का? 'या' किंवा 'नको' एवढंच कळवा."

बस्स. फोटो नाहीत, गटाची कहाणी नाही. दुपारची वेळ मुद्दाम, कारण तेव्हा गल्ल्यावर गर्दी नसते. पहिल्या खर्ड्यात प्लास्टिकबंदीचा ५,००० रुपयांचा दंडही घातला होता, तो खोडला. अनोळखी माणसाने दंडाची आठवण करून दिली की ती मदत वाटत नाही, दमदाटी वाटते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "या." गेलो. कागदीपेक्षा आमची पिशवी महाग, हे त्यांनी लगेच ताडलं. सगळ्यांना देणं परवडणार नव्हतं. मोठ्या खरेदीपुरत्या पन्नास घेतल्या.

मग हुरूप आला आणि मी चुकले. तोच मजकूर, नुसतं नाव बदलून, गिरगावच्या एका फरसाणवाल्यांना धाडला. त्यांनी लिहिलं, "आमची गिऱ्हाइकं घरूनच पिशवी आणतात." मी त्यांच्या दुकानासमोर उभीच राहिले नव्हते, दादरची अडचण गिरगावला चिकटवली होती.

आता गटात नियम आहे. ज्या दुकानाला लिहायचं, तिथे आधी अर्धा तास उभं राहायचं. काही दिसलं नाही, तर लिहायचं नाही.