पाऊण टक्क्याचा रोखा आणि साडेसहा टक्के परतावा

डिसेंबर २०२१च्या अखेरीस अमेरिकी सरकारने दोन वर्षांचे रोखे विकले. व्याज होतं वर्षाला पाऊण टक्का. आपल्याकडे बचत खात्यावरही त्याहून जास्त मिळत होतं, आणि मोठ्या बँका दोन वर्षांच्या मुदत ठेवीवर पाच टक्क्यांच्या आसपास देत होत्या. अशा वेळी कुणी ‘अमेरिकन सरकारचा पाऊण टक्क्याचा कागद घेतला’ म्हणाला असता, तर सोसायटीच्या कट्ट्यावर त्याची चांगलीच फिरकी घेतली गेली असती.

पण हिशोब मांडून बघू. डॉलर तेव्हा साधारण ७४ रुपये ३० पैशांना होता. १० हजार डॉलरच्या रोख्याला ७ लाख ४३ हजार रुपये लागले. व्याज दर सहा महिन्यांनी साडेसदतीस डॉलर, म्हणजे दोन वर्षांत चार हप्ते मिळून १५० डॉलर. ज्या त्या वेळच्या दराने त्याचे जेमतेम सव्वाबारा हजार रुपये झाले. डिसेंबर २०२३मध्ये मुदत संपली, सरकारने १० हजार डॉलर मुद्दल परत केलं. त्या दिवशी डॉलर होता सुमारे ८३ रुपये २० पैसे. मुद्दलाचेच ८ लाख ३२ हजार झाले. व्याज धरून हातात आले ८ लाख ४४ हजार. दोन वर्षांत साडेतेरा टक्क्यांहून थोडी जास्त वाढ, म्हणजे वर्षाला सुमारे ६.६ टक्के. मुदत ठेव मागे पडली.

आता दुसरा रोखा घेऊ. तोही अमेरिकी सरकारचा, तोही दोन वर्षांचा, फक्त २००५च्या अखेरीस घेतलेला. निवासी भारतीयांना स्वतःच्या कारणासाठी परदेशी पैसा पाठवण्याची मुभा देणारी रिझर्व्ह बँकेची योजना २००४मध्ये सुरू झाली होती आणि तेव्हा वर्षाला २५ हजार डॉलरची मर्यादा होती, त्यामुळे १० हजारांचा रोखा घेणं शक्य होतं. (आज ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे.) व्याज होतं साधारण ४.४ टक्के. डॉलर ४५ रुपयांच्या आसपास, म्हणजे गुंतवणूक साडेचार लाखांची. चार हप्त्यांत ८८० डॉलर व्याज मिळालं. पण २००७ साली परदेशी पैसा भारतात अक्षरशः लोटला आणि रुपया वधारत गेला. त्या वर्षाच्या अखेरीस डॉलर ३९ रुपये ४० पैशांच्या आसपास आला. मुद्दलाचे ३ लाख ९४ हजार झाले, व्याजाचे सुमारे साडेसदतीस हजार. एकूण ४ लाख ३१ हजार आणि वर काही. दोन वर्षं थांबून, सगळं व्याज वेळेवर घेऊन, साडेचार लाखांतले एकोणीस हजार गेले.

एकाच सरकारचे, एकाच मुदतीचे दोन कागद. जास्त व्याजाच्या कागदावर तोटा झाला आणि नगण्य व्याजाच्या कागदावर बऱ्यापैकी नफा. अमेरिकेने दोन्ही वेळा दिलेला शब्द पाळला. मात्र तो शब्द डॉलरमधला होता. तो रुपयांत केवढ्याचा ठरेल, याची हमी कुणीच दिली नव्हती.

याचं गणित लहान आहे. व्याजाची वाढ आणि डॉलरच्या भावातली वाढ यांचा गुणाकार करायचा. पहिल्या रोख्यात व्याजाने १०० चे साधारण १०१.५ केले, आणि डॉलर १२ टक्के महागल्याने त्या आकड्याला पुन्हा १.१२ने गुणलं. घाईत दोन टक्केवाऱ्यांची बेरीज केली तरी अंदाज फार चुकत नाही. आपल्या स्वतःच्या रोख्याचा नेमका वार्षिक दर हवा असेल तर संगणकावरच्या एक्सेलमध्ये एका स्तंभात तारखा, दुसऱ्यात रुपयांतले आकडे टाकावेत (गुंतवणूक उणे चिन्हाने) आणि खाली हे सूत्र लिहावं:

```
=XIRR(B1:B5,A1:A5)
```

पहिल्या ओळीत गुंतवणूक, मग तीन व्याजाचे हप्ते, पाचवीत शेवटचा हप्ता आणि मुद्दल. प्रत्येक रक्कम त्या दिवशीच्या दराने रुपयांत बदललेली हवी. बऱ्याच जणांची चूक इथे होते: सगळे डॉलर आजच्या भावाने गुणले जातात, आणि सुरुवातीच्या हप्त्यांची किंमत उगाच फुगते.

हे आकडे नीट बघितले तर एक गोष्ट लक्षात येते. व्याजाचे हप्ते दोन वर्षांत चार वेगवेगळ्या दराने बदलले गेले, त्यामुळे तिथे सरासरी निघाली. मुद्दल मात्र एकाच दिवशी, एकाच दराने बदललं गेलं. पहिल्या रोख्यात परत आलेल्या पैशातला ९८ टक्क्यांहून जास्त भाग त्या शेवटच्या दिवसाचा होता. २००५च्या रोख्यातही ९१ टक्के. म्हणजे छोट्या मुदतीत परतावा ठरवणारी खरी संख्या व्याजदर नाही, मुदतीच्या शेवटच्या दिवशीचा डॉलरचा भाव आहे, आणि रोखा घेताना नेमका तोच आपल्याला माहीत नसतो.

मग ‘रुपया शेवटी घसरतोच’ या भरवशावर जावं का? २००५अखेरचे ४५ आणि २०२३अखेरचे ८३.२० घेतले तर अठरा वर्षांत डॉलर वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास महागला. पण सरासरी हा मोठा लबाड आकडा आहे. रुपया दरवर्षी साडेतीन टक्क्यांनी शहाण्यासारखा उतरत नाही. तो दोन-दोन, तीन-तीन वर्षं एका जागी रेंगाळतो, कधी २००७सारखा उलटा फिरतो, आणि मग २००८, २०१३ किंवा २०२२सारख्या एखाद्या वर्षात एकदम पायऱ्या उतरतो. तुमची दोन वर्षं नेमकी कुठल्या टप्प्यावर येतात, यावर सगळं.

त्यामुळे रोखा घेण्याआधी एकच आकडा काढावा: रुपया किती घसरला तर आपण बरोबरीत येऊ? समजा आपल्या सरकारी रोख्यावर ७ टक्के मिळतात आणि अमेरिकी रोख्यावर ४. १.०७ला १.०४ने भागलं की साधारण १.०२९ येतं. म्हणजे डॉलर वर्षाला २.९ टक्के महागला तरच अमेरिकी रोखा बरोबरी गाठेल, त्याहून जास्त महागला तर पुढे जाईल. गमतीचा भाग असा की, डॉलरचा भाव आजच पक्का करण्याचे वायदे बँका जेव्हा करतात, तेव्हा त्यातला वाढीव दरही साधारण या व्याजातल्या फरकाएवढाच असतो. त्यामुळे भावाचा धोका झाकायला वायदा केला की परकीय रोख्याचा परतावा पुन्हा देशी व्याजाच्या जवळपास येऊन बसतो. धोका गेला, आणि त्याबरोबर परदेशी जाण्याचं बरंचसं कारणही गेलं.

आतापर्यंत आपण रोखा मुदतीपर्यंत सांभाळला. मधेच विकायचा म्हटला की तिसरा घटक येतो, तो म्हणजे रोख्याचा बाजारभाव. व्याजदर वाढले की जुन्या रोख्याचा भाव पडतो, आणि मुदत जितकी लांब तितका जास्त पडतो. २०२१च्या अखेरीस दहा वर्षांचा अमेरिकी रोखा दीड टक्क्याच्या आसपास परतावा देत होता. २०२२मध्ये फेडरल रिझर्व्हने शून्याजवळचे दर चार टक्क्यांच्या वर नेले, आणि वर्षअखेरीस तोच परतावा ३.९ टक्क्यांजवळ पोचला. वर्षाने तो रोखा विकणाऱ्याला डॉलरमध्ये सुमारे १६ टक्के तोटा. डॉलर मात्र त्याच काळात ११ टक्के महागला होता, म्हणून रुपयांत तोटा सातेक टक्क्यांवर थांबला. अमेरिकन माणसाला ही उशी मिळाली नाही.

याच्या उलट वर्ष म्हणजे २००८. जगभरचा पैसा घाबरून अमेरिकी रोख्यांत शिरला, दहा वर्षांचा परतावा चार टक्क्यांवरून २.२च्या आसपास उतरला, जुन्या रोख्यांचे भाव चढले. त्याच वर्षी डॉलर ३९.४०वरून ४८.५०च्या आसपास गेला. दोन्ही एकाच दिशेने. २००७च्या शेवटी असा रोखा घेतलेल्या भारतीयाच्या पैशात रुपयांत वर्षभरात पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास भर पडली, आणि त्याच वर्षी सेन्सेक्स निम्म्याहून खाली आला. परकीय सरकारी रोख्याचा मला पटणारा एकमेव भक्कम मुद्दा हा आहे. तो दर साल जास्त कमावून देईल असं नाही. पण जगात धरणीकंप होतो तेव्हा रुपया बहुधा पडतो, आणि त्या दिवशी हा कागद वर असण्याची शक्यता बरीच असते.

या सगळ्यात बँकेचं बोट राहिलं. वर्तमानपत्रातला डॉलरचा भाव आपल्याला मिळत नाही. पैसे पाठवताना बँक तिच्या विक्रीच्या चढ्या दराने डॉलर देते, परत आणताना खरेदीच्या उतरत्या दराने घेते. पहिल्या रोख्यात जाताना ७५ रुपये आणि येताना ८२ रुपये ६० पैसे असा दर लागला असता, तर ६.६चे ५.७ टक्के झाले असते. एका रुपयाहून कमी फरक दोन्ही टोकांना, आणि वर्षाला जवळपास एक टक्का गेला. म्हणून दोन वर्षांपेक्षा दहा वर्षांच्या माणसाला हा खर्च कमी टोचतो, कारण तो दोनदाच भरावा लागतो.

करखातंही रुपयांतच मोजतं. व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने कर लागतो, आणि डॉलरमध्ये मुद्दल एका सेंटनेही वाढलं नसलं तरी रुपयांत दिसणारी वाढ ही वाढच धरली जाते. शिवाय विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट भरायचं असतं, रक्कम कितीही लहान असो.

आता २००५चा तो तोट्यातला रोखा पुन्हा एकदा हातात घेऊ. समजा तो ठाण्याच्या एका आईने मुलीच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी घेतला होता. डिसेंबर २००७मध्ये तिच्या नावावर व्याजासह १० हजार ८८० डॉलर होते, आणि फी डॉलरमध्येच भरायची होती. ते डॉलर रुपयांत आणायची गरजच पडली नाही. साडेचार लाख घरी मुदत ठेवीत ठेवले असते, तर डॉलर स्वस्त झाल्याने फीसाठी आणखी दोनेक हजार डॉलर जास्त घेता आले असते, हे खरं. पण वर्षभराने डॉलर ४८.५०वर गेला तेव्हा, ज्यांनी फीचे पैसे रुपयांत ठेवले होते, त्यांना तीच फी जवळपास पाव पट जास्त रुपये मोजून भरावी लागली.