तिमाहीचा निकाल वाचताना मागच्या वर्षाकडेही बघा

दर तीन महिन्यांनी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आपला निकाल जाहीर करतात. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, आणि वर्षाच्या शेवटच्या तिमाहीसाठी ६० दिवसांत, तो मांडण्याचे बंधन सेबीने घातलेले आहे. त्या तक्त्यात महसुलाच्या ओळीवर आकड्यांचे रकाने शेजारी शेजारी असतात: नुकत्याच संपलेल्या तिमाहीचा, तिच्या आधीच्या तिमाहीचा आणि गेल्या वर्षीच्या याच तिमाहीचा. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘महसूल १५ टक्क्यांनी वाढला’ असे छापून येते तेव्हा तुलना बहुतेक वेळा या तिसऱ्या रकान्याशी केलेली असते.

लगतची तिमाही सोडून वर्षभर मागे का जायचे, हे एका काल्पनिक एसी कंपनीच्या हिशेबावरून लगेच कळते. समजा, या कंपनीने एका वर्षी एप्रिल ते जूनमध्ये ५०० कोटी, जुलै ते सप्टेंबरमध्ये २०० कोटी, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये २२० कोटी आणि जानेवारी ते मार्चमध्ये ४०० कोटी रुपयांचा महसूल मिळवला. पुढच्या वर्षी एप्रिल-जूनमध्ये ५६० कोटी आले आणि जुलै-सप्टेंबरमध्ये २३० कोटी. लगतच्या तिमाहीशी ताडून पाहिले तर महसूल ५६० वरून २३० वर आला, म्हणजे तब्बल ५९ टक्के घसरला. पण पावसाळ्यात एसीला गिऱ्हाईक कमी असते, हे सांगायला निकालाची गरज नाही. गेल्या पावसाळ्यातले २०० कोटी आणि या पावसाळ्यातले २३० कोटी समोरासमोर ठेवले की ऋतू दोन्ही बाजूंना सारखाच येतो आणि धंद्यातली खरी वाढ उरते. हिशेब साधा आहे: २३० मधून २०० वजा केले, उरलेल्या ३० ला २०० ने भागले आणि १०० ने गुणले. उत्तर १५ टक्के.

या भागाकारात खाली गेल्या वर्षीचा आकडा असतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. गेल्या वर्षीची ती तिमाही नेहमीसारखी गेली असेल तरच टक्केवारी भरवशाची. ती विलक्षण वाईट गेली असेल, तर यंदाची सामान्य कामगिरीही डोळे दिपवणारी दिसते. ती विलक्षण चांगली गेली असेल, तर यंदाचे चांगले कामही फिके वाटते. याला ‘बेस इफेक्ट’ म्हणतात. मारुती सुझुकीचे करोनाकाळातले आकडे तो फार स्पष्टपणे दाखवतात.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मारुतीने देशात एकही गाडी विकली नाही. एप्रिल-जून २०२० या पूर्ण तिमाहीत, निर्यात धरून, ७६,५९९ गाड्या गेल्या आणि निव्वळ विक्री सुमारे ३,६७८ कोटी रुपयांची झाली. पुढच्या वर्षी, एप्रिल-जून २०२१ मध्ये, हाच आकडा सुमारे १६,७९९ कोटी झाला. वर्षभरापूर्वीच्या तिमाहीशी तुलना केली तर ही वाढ जवळजवळ ३५७ टक्क्यांची. पण ही तिमाही स्वतःच करोनाच्या दुसऱ्या लाटेत सापडलेली होती. त्या साडेतीनशे टक्क्यांत कंपनीचे कर्तृत्व किती आणि आदल्या वर्षीची बंद कुलपे किती?

उत्तरासाठी आणखी एक वर्ष मागे जावे लागते. एप्रिल-जून २०१९ मध्ये मारुतीची निव्वळ विक्री सुमारे १८,७३५ कोटी होती. तिच्याशी ताडले तर २०२१ ची तिमाही १० टक्क्यांनी कमीच भरते. गाड्यांच्या संख्येतही तेच दिसते: २०१९ मध्ये ४,०२,५९४ आणि २०२१ मध्ये ३,५३,६१४. एका वर्षाच्या तुलनेत विक्रमी वाटणारी तिमाही दोन वर्षांच्या तुलनेत अजून खड्ड्यातून वर येत होती. टक्केवारी डोळ्यांत भरण्याइतकी मोठी दिसली की दोन वर्षांपूर्वीची तीच तिमाही शोधावी. ते आकडे कंपनीच्या जुन्या निकालांत असतातच.

दुसरी अडचण आपल्या पंचांगातून येते. इंग्रजी तिमाही ३० सप्टेंबरला संपते, सण मात्र तिथीप्रमाणे पुढेमागे होतात. २०२२ मध्ये घटस्थापना २६ सप्टेंबरला होती, त्यामुळे नवरात्रातल्या खरेदीचे पहिले पाच दिवस जुलै-सप्टेंबर तिमाहीत पडले. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, सगळे सण लांबले आणि घटस्थापना १५ ऑक्टोबरला झाली. संपूर्ण नवरात्र पुढच्या तिमाहीत गेले. आता कापड, दागिने किंवा दुचाकी विकणाऱ्या व्यवसायाची २०२३ ची जुलै-सप्टेंबर तिमाही २०२२ च्या त्याच तिमाहीशी ताडणे म्हणजे सणाविना गेलेले दिवस सणाच्या दिवसांशी ताडणे. त्यात पितृपक्षही सरकला. २०२२ मध्ये तो सप्टेंबरमध्येच आटोपला होता, तर २०२३ मध्ये त्याचे बहुतेक दिवस ऑक्टोबरमध्ये आले. एक सरकणे महसूल खाली ओढते, दुसरे वर उचलते, आणि कोणाचा जोर जास्त हे धंद्यागणिक बदलते. यावर साधा इलाज म्हणजे जुलै ते डिसेंबर या दोन तिमाह्यांची बेरीज करून ती गेल्या वर्षीच्या याच सहा महिन्यांच्या बेरजेशी ताडणे. गणपती, नवरात्र आणि दिवाळी या सहामाहीच्या आतच राहतात, त्यामुळे सण इकडचे तिकडे झाले तरी बेरीज बिघडत नाही.

तिसरी गोष्ट जरा सावकाश ध्यानात येते. वर्षभरापूर्वीशी तुलना करताना मधल्या नऊ महिन्यांत काय झाले ते त्या एका आकड्यात दिसत नाही. म्हणून धंद्याने वळण घेतले की हा आकडा ते उशिरा सांगतो. आपल्या एसी कंपनीकडे परत जाऊ. दुसऱ्या वर्षी एप्रिल-जूनमध्ये ५०० चे ५६० झाले, वाढ १२ टक्के. पावसाळ्यात १५ टक्के. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये २२० चे २४०, म्हणजे ९ टक्के. जानेवारी-मार्चमध्ये ४०० चे ४१२, म्हणजे ३ टक्के. चारही वेळा ‘महसुलात वाढ’ अशीच बातमी येईल आणि ती खोटीही नसेल. पण १२, १५, ९, ३ हे आकडे ओळीने मांडले की वेग ओसरतो आहे हे दिसते. पुढच्या एप्रिल-जूनमध्ये ५६० चे ५४५ झाले तर पहिल्यांदा ‘घट’ हा शब्द छापला जाईल. ओहोटी मात्र त्याच्या सहा महिने आधीच सुरू झालेली असेल.

म्हणून निकालाच्या दिवशी एकट्या टक्केवारीवर थांबू नये. तिच्या जोडीला गेल्या चार तिमाह्यांतल्या टक्केवाऱ्या लिहाव्यात, आणि ज्या आकड्याने भागले तो वर्षापूर्वीचा आकडा नेहमीसारखा होता का, हे तपासावे. वाढ विकलेल्या नगांतून आली की किमती वाढवल्यामुळे, आणि मधल्या काळात दुसरी कंपनी विकत घेऊन तिचा महसूल यात मिळवला आहे का, हे बहुधा निकालासोबतच्या टिपांत आणि निवेदनात सापडते. एवढे पाहिल्यावर १५ टक्क्यांची वाढ खरोखर १५ टक्क्यांची आहे की नाही, हे आपले आपल्याला ठरवता येते.